संहिता लिहिण्यापूर्वी: एका पानाचा ब्रीफ कसा भरावा

जाहिरातपटाची संहिता लिहायला घेण्यापूर्वी आम्ही प्रत्येक ग्राहकाकडून एका पानाचा ब्रीफ लिहून घेतो. त्यात प्रेक्षक, उद्देश, बजेट आणि सूर या चार गोष्टी विचारलेल्या असतात. बहुतेक ग्राहक हे पान घाईत भरतात, आणि मग तेच प्रश्न आम्हाला फोनवर पुन्हा विचारावे लागतात. हे टाळता यावे, म्हणून कोणते उत्तर लेखकाच्या उपयोगी पडते आणि कोणते पडत नाही, हे एका कल्पित उदाहरणाच्या आधारे येथे सांगत आहोत.

समजा, एक व्यावसायिक घरगुती वॉटर प्युरिफायरच्या देखभालीचे काम करतात आणि त्यांना साठ सेकंदांची फिल्म हवी आहे. त्यांनी पहिल्यांदा पाठवलेला ब्रीफ असा आहे: “प्रेक्षक: सर्व कुटुंबे. उद्देश: आमची ओळख व्हावी, नवे ग्राहक मिळावेत आणि जुने टिकावेत. बजेट: आपणच सुचवा. सूर: भावनिक, थोडा विनोदी, आधुनिक.” यात चुकीचे असे काहीच नाही, पण यावरून दहा लेखक दहा वेगवेगळ्या फिल्म लिहितील आणि त्यांतली एकही व्यावसायिकांच्या मनातली नसेल.

सुरुवात उद्देशापासून करावी, कारण प्रेक्षक कोण हे त्यावरूनच ठरते. फिल्म पाहून झाल्यावर पाहणाऱ्याने नेमके काय करावे, हे एका वाक्यात लिहावे. त्या वाक्यात “आणि” हा शब्द आला, तर बहुधा दोन फिल्मचे उद्देश एकत्र झाले आहेत असे समजावे. ज्याने आपले नावही ऐकलेले नाही त्याला आपण कोण हे सांगावे लागते. जुन्या ग्राहकाला ते सांगितले तर तो कंटाळतो. साठ सेकंदांत संथ, स्पष्ट निवेदनाचे साधारण 120 शब्द बसतात, आणि दृश्यांना बोलू द्यायचे असेल तर 80 ते 90 शब्दांवर थांबावे लागते. एवढ्या जागेत दोन कामे केली तर दोन्ही अर्धवट राहतात. आपल्या व्यावसायिकांना त्यांचे काम कुठे अडते असे विचारले, तेव्हा खरी अडचण कळली: वार्षिक देखभालीचा करार संपलेले ग्राहक नाराज नसतात, ते केवळ विसरलेले असतात. त्यामुळे उद्देश असा झाला: “करार संपलेल्या ग्राहकाने फिल्म पाहून आम्हाला संदेश पाठवावा आणि तपासणीची वेळ घ्यावी.” येथे “आणि” आहे, हे खरे, पण कृती एकच आहे, त्यामुळे ते चालते.

उद्देश असा आखीव झाला की “सर्व कुटुंबे” हे उत्तर आपोआप गळून पडते. प्रेक्षकाचे वय आणि उत्पन्न लिहिण्यापेक्षा तो फिल्म केव्हा आणि कशावर पाहणार आहे, हे लिहिणे लेखकाला अधिक उपयोगी पडते. येथे फिल्म जुन्या ग्राहकांना फोनवरील संदेशातून जाणार आहे. म्हणजे पाहणारा कामाच्या गडबडीत असेल, आवाज बहुधा बंद असेल आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत विषय कळला नाही तर तो पुढे सरकेल. या एका माहितीने संहितेची बांधणी बदलते. निवेदनावर भिस्त ठेवता येत नाही, मुख्य गोष्ट चित्रातून आणि पडद्यावरील अक्षरांतून सांगावी लागते. नवा पांढरा आणि वापरून तपकिरी झालेला असे गाळ अडवणारे दोन फिल्टर शेजारी ठेवले, तर पहिल्या दृश्यातच सगळे समजते आणि एक शब्दही लागत नाही.

बजेटच्या रकान्यात “आपणच सुचवा” असे लिहिण्यामागचा संकोच आम्ही समजू शकतो. आकडा सांगितला तर लेखक तो पूर्ण वापरून टाकेल, अशी ती भीती असते. प्रत्यक्षात आकडा न सांगितल्याने खर्च वाचत नाही; संहिता मात्र वाया जाते, कारण लेखकाच्या प्रत्येक वाक्याला चित्रीकरणात किंमत असते. “पाऊस पडत आहे” या तीन शब्दांसाठी पाण्याची व्यवस्था, अधिकची माणसे आणि बहुधा आणखी एक दिवस लागतो. रात्रीचे बाह्य दृश्य, लहान मूल, गर्दी किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सामान हलवणे, हे सारे कागदावर फुकट असते, तेथून पुढे नसते.

लेखकाला एकूण रकमेपेक्षा चित्रीकरणाला किती उरते हे कळावे लागते. म्हणून लेखन, चित्रीकरण, संकलन आणि प्रसार यांचे पैसे वेगळे धरावेत, आणि अडीअडचणीसाठी सुमारे दहावा भाग बाजूला ठेवून उरलेली रक्कम सांगावी. आकडा सांगणे अगदीच नको असेल, तर मर्यादा वस्तूंच्या भाषेत लिहिली तरी चालते: किती दिवस, किती जागा, किती कलाकार. आपल्या व्यावसायिकांच्या मनात तीन पिढ्यांची, तीन घरांत घडणारी गोष्ट होती. त्यांच्या रकमेत एक दिवस, एक घर आणि दोन कलाकार बसत होते. हे आधी कळल्यामुळे गोष्ट एकाच स्वयंपाकघरात आली, आणि काळ किती गेला हे यंत्रावरील पुढच्या देखभालीच्या तारखेच्या चिठ्ठीने दाखवता आले. तीन घरांची संहिता लिहून मंजूर झाल्यावर हे कळले असते, तर दुरुस्ती करून भागले नसते. ती नव्यानेच लिहावी लागली असती.

सूर सांगताना विशेषणे फसवतात. एकाचे “विनोदी” दुसऱ्याला उथळ वाटते, आणि “आधुनिक” म्हणजे काय यावर आमच्या कार्यालयातही एकमत होत नाही. त्यापेक्षा ही गोष्ट ग्राहकाला कोण, कशी सांगेल आणि काय मुळीच म्हणणार नाही, ते लिहावे. येथे असे ठरले: “आमचा जुना तंत्रज्ञ घरी आल्यावर बोलतो तसे, अदबीने आणि थोडक्यात. आजारपणाची भीती दाखवायची नाही, ग्राहकाला विसराळू म्हणून हिणवायचे नाही.” यातला नकार विशेष उपयोगी आहे. पाण्याचा विषय निघाला की लेखकाचा हात आजारी मुलाच्या दृश्याकडे वळतोच, आणि तसा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटी व्यावसायिकांवर येते.

भरून झालेले पान व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावे आणि पाहणाऱ्याने शेवटी काय करायचे आहे, एवढेच विचारावे. उत्तर आपल्या वाक्याशी जुळले नाही, तर उद्देश पुन्हा लिहावा. संहितेला अंतिम मंजुरी कोण देणार, त्यांचे नावही पानाच्या तळाशी लिहावे आणि त्यांची सही घेऊनच ब्रीफ पाठवावा. पान एकाने भरले आणि संहिता वाचून दुसऱ्याने “आम्हाला हे नकोच होते” असे म्हटले, तर तो बदल आम्ही दुरुस्तीत धरत नाही, नवे काम म्हणून धरतो.