पार्श्वभूमी : ०.३ च्या पुढची रिकामी जागा

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये गेल्या वर्षी एका फ्लँजवरून आठवडाभर घोळ चालला. चार होल, व्यास म्हणजे फाय ८.३ ते ८.५, पोझिशन टॉलरन्स, म्हणजे होलच्या केंद्राला हलायला मिळणाऱ्या वर्तुळाचा व्यास, फाय ०.३. होलची जागा ज्यांवरून मोजायची ते डेटम तीन : ए म्हणजे फ्लँजचा फेस, बी मधला बोअर, सी की-वे. त्याच पार्टचं १९७० च्या दशकातलं ड्रॉइंग आणि कॅडवर नव्याने काढलेलं ड्रॉइंग टेबलावर शेजारी शेजारी होती आणि आकडे तंतोतंत सारखे होते. तरीही जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पास होणारा एक होल नव्याप्रमाणे रिजेक्ट होत होता. फरक होता तो ०.३ च्या पुढच्या रिकाम्या जागेचा. ती दोन्हीकडे रिकामीच होती, पण मधल्या काळात तिचा अर्थ उलटला होता.

हा अर्थ कसा उलटला ते समजायला फार मागे जायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यातल्या एका अभियंत्याच्या लक्षात आलं, की ड्रॉइंगप्रमाणे नापास झालेले पार्ट जोडणीत व्यवस्थित बसतात. एक्स आणि वायला वेगवेगळा प्लस-मायनस दिला की होलच्या केंद्राला हलायला चौकोन मिळतो. चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर चालत असेल, तर तेवढंच अंतर बाकीच्या दिशांनाही चालायला हवं. म्हणून चौकोनाऐवजी त्याच्या कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ आलं आणि जागा ५७ टक्क्यांनी वाढली. ट्रू पोझिशनची कल्पना इथून निघाली.

त्या काळात तपासणी म्हणजे गेज. ठरावीक मापाच्या पिना ठोकलेली प्लेट पार्टवर बसली तर पास, नाही बसली तर नापास. होल मोठा असेल तर पिनेला आपोआप जास्त मोकळीक मिळते, त्यासाठी कुणाला हिशेब करावा लागत नाही. मॅक्सिमम मटेरियल कंडिशन, म्हणजे आपल्याकडचं एमएमसी, ही त्या पिनेच्याच वागणुकीची कागदावरची नोंद आहे. ड्रॉइंगच्या अमेरिकी मानकाच्या १९७३ च्या आवृत्तीत पोझिशनसाठी एमएमसी गृहीतच धरलं होतं. काही लिहिलं नसेल तर एमएमसी, आणि ते टॉलरन्सला लागू तसंच बोअरसारख्या माप असलेल्या डेटमलाही. होलचा साइज कितीही असला तरी टॉलरन्स तेवढाच राहायला हवा असेल, तर गोलातला एस, म्हणजे Ⓢ, मुद्दाम काढावा लागे.

१९८२ च्या आवृत्तीने हे गृहीत काढून टाकलं. पोझिशन असेल तर एमएमसीचा Ⓜ, की Ⓢ, की उलट टोकाचा, म्हणजे कमीत कमी मटेरियलचा Ⓛ, ते लिहायलाच हवं, असा नियम झाला. माझ्या मते तीन आवृत्त्यांतला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण ड्राफ्ट्समनला गप्प बसायची सोयच राहिली नाही. तो टिकला नाही. १९९४ मध्ये पारडं पूर्ण फिरलं : काही लिहिलं नसेल तर साइजशी संबंध नाही, ०.३ म्हणजे ०.३. आंतरराष्ट्रीय मानकाची रीत हीच होती, तिच्याशी जुळवून घ्यायला हा बदल केला असं समर्थन झालं. ते खोटं नाही. पण १९७३ च्या ड्रॉइंगवर चालणारे पार्ट १९९४ मध्ये बंद पडले नव्हते, आणि त्यांची ड्रॉइंग पुढे पुन्हा काढली जाणार होती, याचा विचार झालेला दिसत नाही. पुण्यात त्याची झळ जास्त लागते. एकाच शॉपमध्ये जर्मन ग्राहकाचं आंतरराष्ट्रीय मानकावरचं ड्रॉइंग आणि अमेरिकी मूळ असलेलं जुनं ड्रॉइंग एकाच सीएमएमवर, म्हणजे पार्टवरच्या बिंदूंना स्पर्श करून मापं काढणाऱ्या मशीनवर येतं, आणि प्रोग्राम लिहिणारा बहुतेक वेळा १९९४ नंतर शिकलेला असतो.

फ्लँजच्या जुन्या ड्रॉइंगवर बी आणि सी या दोन्ही डेटमपुढे Ⓢ होता, ०.३ पुढे काही नव्हतं. नव्याने काढणाऱ्याने दोन्ही Ⓢ पुसले, कारण आता त्यांची गरज नाही, आणि ०.३ पुढची जागा होती तशी सोडली. खरं तर तो Ⓢ हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. मूळ माणसाला डेटमवर ढिलाई नको होती म्हणून त्याने तसं लिहिलं. टॉलरन्सपुढे लिहिलं नाही, कारण तिथे त्याला एमएमसी हवं होतं आणि ते न लिहिता मिळत होतं. टायटल ब्लॉकमधलं मानकाचं साल हा दुसरा पुरावा. तिसरा पुरावा टूलरूमच्या कपाटात तेल लावून ठेवलेला सापडला : फाय ८.० च्या चार पिना असलेलं गेज. सगळ्यात लहान होल ८.३, त्यातून पोझिशनचे ०.३ वजा, म्हणजे ८.०. एमएमसी नसेल तर असं ठरावीक पिनांचं गेज बनवताच येत नाही, कारण होल बदलला की पीनही बदलावी लागेल. शिवाय इथे बोल्ट एम ८ चा आहे. ८.३ च्या होलमधून ८.० चा बोल्ट जायला ०.३ ची मोकळीक उरते, टॉलरन्स तिथूनच आलेला आहे.

आता हिशेब. सीएमएम प्रत्येक होलचं केंद्र असायला हवं होतं तिथून किती सरकलंय ते एक्स आणि वायमध्ये देतं. त्यावरून पोझिशन अशी निघते :

```
TP = 2 × √(dx² + dy²)
```

दुप्पट अशासाठी, की टॉलरन्स व्यासात दिलाय आणि सरकणं त्रिज्येत मोजलंय. घाईत हे दोन विसरलं तर वाईट पार्टही उत्तम दिसतो. दुसऱ्या होलला एक्स −०.१४ आणि वाय ०.०९ होतं. वर्गांची बेरीज ०.०२७७, वर्गमूळ ०.१६६, दुप्पट ०.३३३. रिकाम्या जागेचा १९९४ चा अर्थ घेतला तर ०.३ पेक्षा जास्त, रिजेक्ट. जुना अर्थ घेतला तर आधी होलचा साइज बघायचा. तो ८.४० होता, म्हणजे ८.३० पेक्षा ०.१० मोठा. हे ०.१० टॉलरन्समध्ये मिळवायचे. परवानगी ०.४०, पोझिशन ०.३३३, पास.

या ०.१० ला सगळे बोनस म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण मानकाच्या व्याख्यांतला नव्हे, शिकवणाऱ्यांच्या तोंडचा आहे, आणि त्याने नुकसानही बरंच केलंय. दिवाळीचा बोनस जसा सगळ्यांना वाटतात तसाच हाही वाटायचा असतो, असं वाटून जातं. या फ्लँजवर तेच झालं. तिसऱ्या होलला एक्स ०.१२, वाय −०.१५, म्हणजे पोझिशन ०.३८४. सुपरवायझरने चारांतल्या सगळ्यात मोठ्या होलचा ०.१० घेतला, चौघांनाही ०.४० दिले आणि पार्ट ओके केला. पण तिसऱ्या होलचा स्वतःचा साइज ८.३६ होता. त्याने फक्त ०.०६ मिळवले होते, त्याला परवानगी ०.३६ ची. पोझिशन ०.०२४ ने बाहेर होती. पहिला होल ८.३४ ला ०.२५६ आणि चौथा ८.३१ ला ०.१५६, हे दोघे बोनस न घेताही पास होते. प्रत्येक होलचं खातं वेगळं. शेजाऱ्याचं उरलेलं कुणाच्या उपयोगी पडत नाही, सरासरी काढून तर मुळीच नाही.

साइज कुठला घ्यायचा यावरही भांडण झालं. दुसऱ्या होलचा व्यास सीएमएमने ८.४२ दाखवला होता, वर मी ८.४० धरलाय. सीएमएमचा आकडा होलच्या भिंतीवर घेतलेल्या बिंदूंतून काढलेला सरासरी व्यास होता. होल किंचित लंबगोल असेल, किंवा भिंतीवर टूलची रेघ उठलेली असेल, तर सरासरी मोठी येते, पण पिनेला तेवढी जागा मिळत नाही. बोनस मोजायचा तो होलमध्ये बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या अचूक सिलिंडरवर. पिन गेजच्या सेटमधली ८.४० ची गेली, ८.४१ ची गेली नाही, म्हणून ८.४०. सीएमएमवरही हे जमतं, फक्त गणिताची पद्धत बदलून होलमध्ये मावणारं सगळ्यात मोठं वर्तुळ निवडावं लागतं आणि बिंदू पुरेसे घ्यावे लागतात. चार बिंदूंवर मोजलेल्या व्यासावरून दिलेल्या बोनसवर मी तरी सही करत नाही. केंद्राचा हिशेब एक सांगत असेल आणि पिनेचा दुसरं, तर मानकाप्रमाणे होलच्या प्रत्यक्ष भिंतीचं म्हणणं खरं धरायचं.

बी डेटमपुढे Ⓢ होता म्हणून आणखी एक गुंता टळला. तिथे एमएमसी असतं तर मधला बोअर मोठा निघाल्यावर पार्टला गेजच्या प्लगवर हलायला जागा मिळाली असती. बरेच जण तीही बोनससारखी प्रत्येक होलच्या टॉलरन्समध्ये मिळवतात. पण हलतो तो अख्खा पार्ट, चारही होल एकाच दिशेला. तिसऱ्या होलला सोयीचं होईल असं सरकवलं तर विरुद्ध दिशेला गेलेला दुसरा होल आणखी लांब पडतो. हे बेरजेने सुटत नाही. खरं गेज लावून बघायचं, नाहीतर तसं करणारं सॉफ्टवेअर वापरायचं.

शेवटी ते कपाटातलं गेज काढून पार्टवर लावलं. तीन पिना गेल्या, तिसऱ्या होलची अडली. ८.३६ च्या होलमध्ये ८.० च्या पिनेला व्यासात ०.३६ ची जागा होती आणि तिला ०.३८४ हवी होती. टूलरूमच्या जुन्या फिटरने रीमर मागवला. होल जागेवरून हलवता येत नाही, रीमर आहे त्या होलच्या मागेच जातो, पण मोठा करता येतो. तिसरा होल ८.४० केला. साइज ८.५० च्या आत, बोनस ०.१०, परवानगी ०.४०, पोझिशन तीच ०.३८४. गेज बसलं. १९९४ च्या अर्थाने हा पार्ट भंगारात गेला असता, कारण तिथे होल कितीही मोठा केला तरी पोझिशनची परवानगी एक मायक्रॉननेही वाढत नाही.

ग्राहकाच्या चाकणच्या ऑफिसला जुन्या ड्रॉइंगची प्रत आणि गेजच्या पिनांची मापं पाठवली. तीन आठवड्यांनी नवीन रिव्हिजन आली. ०.३ पुढे Ⓜ आलंय. बी आणि सी पुढे काहीच नाही, तिथली रिकामी जागा आता Ⓢ चंच काम करते.