भूमिकापत्रक (व्यवसाय सातत्य)

संकटातही संस्थेचे कामकाज चालू राहावे म्हणून आखलेल्या व्यवसाय सातत्य योजनेतील पहिल्या तासाची कामे भूमिकेनुसार वेगळी काढून प्रत्येक भूमिकेसाठी तयार केलेले एकपानी पत्रक. कार्यालयीन बोलण्यात ‘रोल कार्ड’ किंवा ‘अ‍ॅक्शन कार्ड’ हे शब्द अधिक रूढ आहेत. मूळ योजना शंभर पानांची असली, तरी पत्रकावर त्या भूमिकेची कामे, ती करण्याची वेळ, स्वतःच्या अधिकारात घेता येणारे निर्णय आणि खबर कोणाला द्यायची एवढेच येते.

उगम. पत्रकाचे मूळ कशात शोधावे याबाबत दोन मते आढळतात. एक मत ते वैमानिकांच्या तपासणी यादीपर्यंत नेते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे विमान चाचणी उड्डाणात कोसळले. जमिनीवर असताना सुकाणूपृष्ठे अडकवून ठेवणारे कुलूप उड्डाणापूर्वी काढायचे राहिले होते. त्यानंतर लेखी यादीची पद्धत रुजली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दुसरे मत कॅलिफोर्नियातील १९७० च्या मोठ्या वणव्यांनंतर विकसित झालेल्या घटना नियंत्रण पद्धतीकडे बोट दाखवते. तिथल्या रुग्णालयांनी साधारणतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पद्धत भूकंपाच्या तयारीसाठी आपल्याकडे वळवून घेतली. १९९१ च्या सुमारास ऑरेंज काउंटीत तिची रुग्णालयीन आवृत्ती आली आणि तीत प्रत्येक पदासाठी स्वतंत्र कार्यपत्रक होते.

दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तपासणी यादी आपल्या जागी बसलेल्या, ठरलेल्या माणसासाठी असते. कार्यपत्रक रिकाम्या पदासाठी लिहिलेले असते आणि त्या वेळी जो हजर असेल तो ते उचलतो. आजच्या भूमिकापत्रकाचा गाभा हाच आहे. व्यवसाय सातत्याच्या क्षेत्रात ते नेमके केव्हा शिरले याची तारीख सांगणे कठीण आहे. आयएसओ २२३०१ हे मानक (२०१२, सुधारित २०१९) योजनेत भूमिका व जबाबदाऱ्या स्पष्ट असाव्यात अशी अपेक्षा करते, पण एकपानी पत्रकाची सक्ती करत नाही.

‘पहिला तास’ ही मर्यादाही वादातीत नाही. ती अपघातवैद्यकातील ‘सुवर्णतासा’वरून आली असावी, असे काहींना वाटते. रुग्णालयीन कार्यपत्रकांच्या नंतरच्या आवृत्तीत मात्र पहिला टप्पा दोन तासांचा आहे. त्यामुळे साठ मिनिटांना प्रमाण न मानता आपल्याकडची सर्वांत आधी संपणारी गोष्ट कोणती ते पाहावे आणि तिच्यावरून पत्रकाची वेळ बांधावी, हे मत रास्त आहे.

रूपांतर. योजनेचे पत्रक करताना खरी अडचण भाषेची असते. मराठी कार्यालयीन लेखनात ‘करण्यात यावे’, ‘कळविण्यात यावे’ असे प्रयोग सर्रास येतात. त्यात कर्ता नसतो, आणि कर्ता नसलेले वाक्य पत्रकावर उतरत नाही.

एक नमुना घेऊ. नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात सर्व्हर खोली आहे. यूपीएसची बॅटरी पूर्ण भारावर ३० मिनिटे टिकते. योजनेत लिहिले आहे : ‘वीजपुरवठा खंडित झाल्यास पर्यायी व्यवस्था तात्काळ कार्यान्वित करण्यात यावी, संबंधितांना अवगत करावे व आवश्यकतेनुसार पर्यायी केंद्राचा अवलंब करावा.’ या एका वाक्यात तीन कामे आहेत आणि एकाचाही धनी नाही.

पहिले काम जनरेटरचे. तो आपोआप सुरू व्हायला हवा, पण त्याची स्वतःची स्टार्टर बॅटरी उतरलेली असेल तर होत नाही. ही नेहमीची तक्रार आहे. म्हणून देखभाल पर्यवेक्षकाच्या पत्रकावर येते : ‘३ मिनिटांत जनरेटर सुरू झाला नाही, तर खाली जाऊन हाताने सुरू करा. ८ व्या मिनिटापर्यंत झाला नाही, तर संगणक विभागाच्या पाळीप्रमुखाला “जनरेटर नाही” एवढेच कळवा.’

दुसरे पत्रक पाळीप्रमुखाचे. सर्व यंत्रणा नीट बंद करायला १४ मिनिटे लागतात, हे सरावात घड्याळ लावून मोजलेले आहे. १२ व्या मिनिटाला सुरुवात केली तर काम २६ व्या मिनिटाला संपते आणि चार मिनिटे हाताशी उरतात. जुनी बॅटरी सांगितलेली ३० मिनिटे देईलच असे नसल्याने हा अवकाश सोडू नये. पत्रकावर स्पष्ट लिहिलेले असते : ‘१२ व्या मिनिटाला वीज नसेल, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता बंद करायला लागा.’ क्रमही दिलेला असतो. आधी बँकिंग प्रणाली थांबवायची, म्हणजे नवे व्यवहार येत नाहीत. मग शेवटच्या नोंदी पर्यायी केंद्राला पोचल्याची खात्री करायची, त्यानंतर डेटाबेस आणि शेवटी साठवण यंत्रणा बंद करायची. क्रम उलटला, तर कोणते व्यवहार पलीकडे गेले आणि कोणते राहिले हे हाताने जुळवत बसावे लागते.

हे पत्रक पहिल्यांदा लिहिताना सहसा एक दोष उघडा पडतो. योजनेतील ‘संबंधित’ मोजले तर अकरा निघतात आणि त्या सर्वांना फोन करण्याचे काम पाळीप्रमुखाच्याच गळ्यात असते. फोनला दोन मिनिटे धरली तरी २२ मिनिटे झाली, म्हणजे बंद करण्याचे काम बॅटरीत बसत नाही. योजना वाचताना ही चूक दिसत नाही. वेळ आणि माणूस शेजारी शेजारी लिहिले की लगेच दिसते. त्यामुळे पाळीप्रमुखाकडे एकच फोन उरतो, तो शाखा समन्वयकाला. बाकीचे दहा समन्वयकाच्या पत्रकावर जातात आणि शाखांना पाठवायचा निरोपही तयार मजकुरासह तिथेच छापलेला असतो.

तिसरे काम पर्यायी केंद्रावर जाण्याच्या निर्णयाचे. ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दाच्या जागी अट लागते : ‘२० व्या मिनिटापर्यंत वीज परत येण्याची खात्रीशीर वेळ मिळाली नाही, तर पर्यायी केंद्र सुरू करण्याचा आदेश द्या.’ हा अधिकार कोणाचा, यावर बैठकीत बराच वेळ जातो. तो तिथेच गेलेला बरा.

पर्यायी व्यक्ती. पत्रकावर नाव न लिहिता पद लिहितात आणि खाली दोन-तीन बदली पदे देतात. बदली ज्येष्ठतेने ठरवण्याकडे कल असतो, पण तो टिकत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा रस्ते व लोकल बंद पडल्या आणि फोनही अनेक ठिकाणी लागत नव्हते. अशा दिवशी ठाण्यात अडकलेला उपमहाव्यवस्थापक काहीच करू शकत नाही. म्हणून इमारतीत त्या पाळीला कोण असते, यावरून क्रम लावावा.

मर्यादा व पडताळणी. कारण कळत नसेल, तेव्हा पत्रक फारसे उपयोगी पडत नाही. यंत्रणा बंद पडली ती विजेमुळे की कोणी आत शिरल्यामुळे, हे ठाऊक नसताना वरचा क्रम आंधळेपणाने पाळला तर पुरावा पुसला जाऊ शकतो. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश (२८ एप्रिल २०२२) आहेत. त्यामुळे घटना लक्षात आल्याची वेळ पत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवायची जागा असावी. दोन पत्रके एकमेकांची वाट पाहत थांबणे हा दुसरा दोष. सर्व पत्रके टेबलावर ओळीने मांडून मिनिटामागून मिनिट वाचली की तो सापडतो.

पडताळणीची साधी रीत अशी : ज्याने योजना कधी पाहिलेली नाही अशा रात्रपाळीच्या माणसाच्या हाती पत्रक द्यावे आणि तो पहिला प्रश्न कोणत्या ओळीवर विचारतो ते टिपून ती ओळ पुन्हा लिहावी. पत्रके फक्त सर्व्हरवर ठेवली, तर वीज जाताच तीही जातात. लॅमिनेट केलेली एक प्रत सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये, किल्ल्यांच्या फळीशेजारी टांगलेली असावी आणि तिच्या कोपऱ्यात छपाईची तारीख असावी.