मेट्रो, भूजल आणि तुमची दगडी वास्तू : वारसा परिणाम मूल्यांकन आम्ही कसे करतो

फोर्ट, काळबादेवी, गिरगावकडचे विश्वस्त आणि इमारतमालक आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो : गाडी खालून धावू लागली की हादऱ्यांनी इमारत खिळखिळी होईल का? भीती खरी आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवले जाते. भुयारी मेट्रोजवळच्या जुन्या दगडी इमारतीला धावत्या गाडीपासून सहसा सर्वांत कमी धोका असतो. बोगदा खोदण्याचा धोका त्याहून थोडा जास्त. आणि सर्वांत जास्त धोका असतो तो स्टेशनसाठी खणलेल्या खोल खड्ड्यातून उपसल्या जाणाऱ्या पाण्याचा. हे कसे ठरवतो आणि अहवालात ते कसे मांडतो, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

आधी एक खुलासा. "संरक्षित" या शब्दाखाली मुंबईत दोन वेगळ्या गोष्टी येतात. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरीची लेणी ही केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. फोर्टातल्या बहुतेक इमारती मात्र महापालिकेच्या वारसा यादीत आहेत, श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब किंवा तीन अशा. तिथे अंतराची अशी रेघ नाही. वारसा संवर्धन समितीपुढे मुद्दा पटवून द्यावा लागतो. म्हणून आम्ही सर्वप्रथम तुमच्या वास्तूचा दर्जा कागदावर तपासतो. त्यावर पुढच्या युक्तिवादाची सगळी मांडणी अवलंबून असते.

महत्त्व नेमके कशात आहे

मूल्यांकनाची सुरुवात यंत्रांनी होत नाही. इमारत का मोलाची आहे, आणि ते मोल तिच्या कोणत्या भागांत आहे, हे आधी लिहावे लागते. "एकोणिसाव्या शतकातली भव्य वास्तू" असे एक वाक्य लिहून भागत नाही, कारण भव्यतेला तडा जातो की नाही हे कोणी मोजू शकत नाही.

उदाहरणासाठी एक इमारत धरू. ती काल्पनिक आहे, पण फोर्टात फिरणाऱ्याला ओळखीची वाटेल : श्रेणी एक, तीन मजली, चुन्यात बांधलेल्या भिंती, कोरीवकाम मऊ पोरबंदर दगडात, कोपऱ्यावर मनोरा, आत फरसबंदीची रंगीत लाद्यांची नक्षी. तिचे मोल चार ठिकाणी आहे असे आम्ही लिहू : कोरीव दगड, मनोऱ्याची सरळ उभी रेघ, आतली फरसबंदी आणि समोरच्या रस्त्यावरून दिसणारे तिचे पूर्ण रूप. यापुढचा प्रत्येक परिणाम या चारांपैकी कशाला लागतो हे सांगावेच लागते. मनोरा थोडासा कलला तरी ती गंभीर बाब ठरेल. मागच्या अंगणातली भिंत तेवढीच कलली तर नाही.

आकड्यांत पाहू

समजा बोगद्याचा व्यास ६.६ मीटर आहे, त्याचा मध्य जमिनीखाली २० मीटरवर आहे आणि इमारतीची जवळची भिंत त्या मध्यरेषेपासून आडवी १२ मीटर दूर आहे. खोदणारे यंत्र बसवलेल्या काँक्रीट कड्यांच्या मापापेक्षा किंचित जास्त माती काढते. ती जास्तीची माती बोगद्याच्या आकारमानाच्या अर्धा टक्का धरली, तर मऊ जमीन बोगद्याच्या बरोबर वर सुमारे ७ मिलिमीटर खचते. डोके टेकलेल्या उशीसारखी ही खच बाजूंना उथळ होत जाते. जवळच्या भिंतीखाली ती ३.३ मिलिमीटर उरते, आणि १८ मीटर पलीकडच्या मागच्या भिंतीखाली जवळपास शून्य. जोडीचा दुसरा बोगदा आणखी १५ मीटर पुढे असेल तर त्याची भर जवळच्या भिंतीखाली जेमतेम ०.२ मिलिमीटर. चांगल्या बेसाल्टमध्ये हे सगळे आकडे आणखी लहान होतात.

आता स्टेशनचा खड्डा घ्या. मुंबईच्या दक्षिण भागात भरावाखाली अनेक ठिकाणी समुद्री चिकणमातीचा थर आहे आणि भूजल अगदी वर आहे. खड्डा कोरडा ठेवायला पंप चालतात. खड्ड्याची भिंत खडकात नीट रुतलेली नसेल, किंवा खडकाच्या भेगांतून पाणी येत असेल, तर आजूबाजूची पाण्याची पातळीही उतरते. पाणी मातीच्या कणांना उचलून धरत असते. पातळी ३ मीटर उतरली की खालच्या थरावर दर चौरस मीटरला सुमारे ३ टन जादा भार येतो. ४ मीटर जाडीचा मऊ थर एवढ्या भाराने दीड टक्का दबेल असे प्रयोगशाळेच्या चाचणीत दिसले, तर खच ६० मिलिमीटर. मागच्या बाजूला पाणी एकच मीटर उतरले तर तिथे २०. म्हणजे १८ मीटरमध्ये ४० मिलिमीटरचा फरक, साधारण ४५० मध्ये एक. सामान्य इमारतींना ५०० मध्ये एक ही मर्यादा वापरण्याची रीत आहे. कमानी आणि मोठ्या खिडक्या असलेल्या दगडी भिंतीसाठी आम्ही तीही सैल मानतो.

साडेतीन मिलिमीटर एका बाजूला, साठ दुसऱ्या बाजूला. शिवाय चिकणमाती हळू दबते. खड्डा बुजून गेल्यावरही महिनोन् महिने खच चालू राहू शकते. म्हणून खोदकाम संपेपर्यंत तडा गेला नाही, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

कोलकात्याचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या ईस्ट-वेस्ट मेट्रोला करन्सी बिल्डिंग आणि दोन सिनेगॉग या केंद्र संरक्षित वास्तूंजवळून जाण्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागली. त्याच मार्गावर पुढे बऊबाजारात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी यंत्र पाणी भरलेल्या थरात घुसले, पाणी आणि माती बोगद्यात वाहू लागली आणि वरची घरे तडकली, काही कोसळली. तिथली जमीन मुंबईची नाही. तरी दोष पाण्यावाटे येतो, ही गोष्ट इथेही लागू आहे.

एक खड्डा आधी खणा

वरच्या हिशेबाला एक मोठी अट आहे. इमारतीचा पाया चिकणमाती ओलांडून खडकावर टेकला असेल, तर तो थर दबला तरी इमारत जागेवर राहील; खचेल ती भोवतीची फरसबंदी, गटार आणि पायऱ्या. पाया भरावात किंवा चिकणमातीत उथळ असेल, तर वरचा हिशेब लागू. म्हणून मोठी गणिते मागवण्याआधी आम्ही भिंतीलगत एक तपासणी खड्डा हाताने खणतो आणि पाया कुठे, कशावर बसलाय ते बघतो. हे काम काही दिवसांचे आहे. तरी असे अहवाल आम्ही पाहिले आहेत की ज्यांत पायाची खोली "सुमारे २ मीटर धरली आहे" एवढेच लिहून पुढचे सगळे निष्कर्ष त्यावर उभे केले होते. तुमच्या हाती दुसऱ्या कोणाचा अहवाल आला तर पहिल्यांदा हे वाक्य शोधा.

हादऱ्यांचे काय

वारसा इमारतींसाठी जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ वापरण्याची पद्धत आहे. त्यात कमी कंपनसंख्येच्या, अल्पकाळ टिकणाऱ्या हादऱ्यांसाठी पायाजवळ हलण्याच्या वेगाला सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा आहे. माणसाला त्याच्या दहाव्या भागाएवढा, सेकंदाला ०.३ मिलिमीटरचा हादरा घरात बसल्या बसल्या जाणवू शकतो. म्हणून "खिडकी थरथरली" एवढ्याने नुकसान सिद्ध होत नाही, आणि "मर्यादेच्या आत आहे" एवढ्याने सुरक्षाही नाही. कारण ती मर्यादा धड भिंतीसाठी आहे. आपल्या खाऱ्या हवेत दगडांत बसवलेले जुने लोखंडी क्लॅम्प गंजतात, फुगतात आणि दगडाला आतून फोडतात. असा सुटत आलेला कळस किंवा कंगोरा एखाद्या पावसाळ्यातही पडेल, किरकोळ हादऱ्यानेही पडेल. खडक फोडण्याचे काम सुरू होण्याआधी मचाण लावून प्रत्येक कोरीव दगड लाकडी हातोडीने वाजवून बघणे आणि पोकळ वाजेल तो बांधून घेणे, हाच त्यावर उपाय.

मोजणी कधी सुरू करायची

काम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात काढलेले फोटो पुरत नाहीत. मुंबईत भिंतीतल्या भेगा ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. भूजलही मे महिन्यात वेगळे आणि ऑगस्टात वेगळे, समुद्राजवळ तर भरती-ओहोटीबरोबर हलणारे. एक पूर्ण पावसाळा धरून निदान वर्षभर नोंद नसेल, तर पुढे दिसलेली भेग मेट्रोमुळे की पावसामुळे, याचा निवाडा होऊच शकत नाही. त्यात नुकसान मालकाचे होते, कारण सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येऊन पडतो.

आम्ही भेगांवर त्यांची रुंदी मोजणाऱ्या पट्ट्या, मनोऱ्यावर कल मोजणारे यंत्र, भिंतींवर सर्वेक्षणाचे परावर्तक आणि इमारत व खड्डा यांच्यामध्ये पाण्याची पातळी मोजणारे पिझोमीटर बसवतो. यांतले पिझोमीटर आम्हाला सर्वांत प्रिय. भिंत कलल्याचे दिसते तोवर माती दबून गेलेली असते. पाणी उतरते ते त्याच्या आधी दिसते. आमच्या उदाहरणात पातळी मोसमी किमानापेक्षा अर्धा मीटर खाली गेली की इशारा, एक मीटरला उपसा कमी करून ग्राउटिंग म्हणजे भेगांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबून भरणे, दीड मीटरला काम थांबवणे, असे टप्पे आम्ही लिहू. काम थांबवण्याचा अधिकार कोणाच्या सहीचा, हे नावपदासह अहवालात लिहिलेले नसेल तर ते टप्पे कागदावरच राहतात.

युक्तिवाद

आंतरराष्ट्रीय पद्धतीत वास्तूचे मोल आणि परिणामाची तीव्रता यांचा तक्ता करून निष्कर्ष काढतात. तक्ता कामाचा आहे, पण त्यात एक सापळा आहे : कोरीवकामाची हानी "मध्यम", पर्यटकांची सोय "मोठा लाभ", म्हणून एकूण परिणाम "सकारात्मक" असे गणित केले जाते. आम्ही असे वजाबाकीचे गणित करत नाही. तुटलेला दगड प्रवाशांच्या सोयीने जोडला जात नाही. लाभ असेल तर तो वेगळ्या रकान्यात लिहायचा आणि निर्णय समितीवर सोडायचा.

उपायांनाही क्रम असतो. आधी हानी टाळता येते का, मग कमी करता येते का, आणि शेवटी दुरुस्ती. आमच्या उदाहरणात बोगद्याची रेषा हलवून मिळते थोडे, कारण तो धोकाच लहान आहे. स्टेशनचा खड्डा २५ मीटर सरकवला, किंवा त्याची भिंत खडकात खोल रुतवून भेगा आधीच ग्राउटने बुजवल्या, तर बराच धोका जातो. स्टेशनचा हवा खेळवणारा मनोरा आणि जिना इमारतीच्या दर्शनी बाजूसमोरून बाजूच्या गल्लीत नेणे यालाही हाच क्रम लागू. ते अडथळे कायमचे असतात, पंप मात्र एक दिवस बंद होतात. म्हणून मूल्यांकन आराखडा ठरण्याआधी व्हायला हवे. जागा नक्की झाल्यावर मागवलेल्या अहवालात आम्ही "टाळणे" हा रकाना रिकामा ठेवतो आणि तो का रिकामा आहे ते लिहितो.

पहिल्या भेटीला इमारतीचे असतील ते जुने नकाशे, मागच्या दुरुस्त्यांची बिले, मेट्रोकडून आलेली पत्रे आणि आवारात विहीर असेल तर तिची किल्ली जवळ ठेवा. विहिरीतली पाण्याची पातळी ही आमची त्या दिवसाची पहिली नोंद असते.