माया आणि राग एकाच माणसावर: द्विधाभावाची पार्श्वभूमी

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारी अठ्ठेचाळीस वर्षांची एक बाई. आई शहात्तरची, मधुमेह आहे, गुडघे गेलेत. पहाटे उठून भाकऱ्या, सातला आईचं इन्सुलिन, मग दिवसभराची कामं. भाऊ पुण्यात, सणाला येतो. बारावीनंतर हिचं शिक्षण थांबवलं ते भावाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी, आणि तो निर्णय आईचाच होता. हिची दोन्ही बाळंतपणं रात्र-रात्र जागून काढली तीही याच आईनं. आल्यागेल्याला आई कौतुकानं सांगते, "माझा पुण्याचा पोरगा लई गुणाचा." ते ऐकताना हिच्या हातातला तांब्या जरा जोरातच खाली ठेवला जातो. रात्री आईला खोकला लागला की सगळ्यात आधी उठते तीही हीच.

या अवस्थेला मानसशास्त्रात द्विधाभाव म्हणता येईल. इंग्रजी शब्द अँबिव्हॅलन्स. हे करू की ते करू, अशी जी आपली द्विधा मनःस्थिती होते, ती वेगळी. इथे निवड करायचीच नाही. एकाच माणसाबद्दल दोन उलट भावना आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

हा शब्द जन्मला मात्र वेड्यांच्या इस्पितळात. झुरिकच्या बुर्घोल्झ्ली रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो 1910 च्या सुमारास घडवला, आणि 1911 मध्ये स्किझोफ्रेनियावरच्या ग्रंथात त्या आजाराच्या मूळ लक्षणांत त्याला जागा दिली. बायकोवर प्रेम आणि तिचाच द्वेष करणारा नवरा हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक. हे निरोग्यांतही दिसतं, हे ब्लॉयलर यांनाही मान्य होतं. फरक त्यांनी गुलाबाच्या दाखल्यानं सांगितला: निरोगी माणूस काटे असूनही गुलाबावर प्रेम करतो, म्हणजे शेवटी एक बेरीज करतो, आजाऱ्याच्या मनात फुलाचं प्रेम आणि काट्यांचा द्वेष शेजारी शेजारी राहतात, त्यांची बेरीज होत नाही. म्हणजे हिशेब मिटणं हीच निरोगीपणाची खूण. ही समजूत पुढे फार काळ टिकली आणि तिनं बरंच नुकसान केलं, असं आमचं मत आहे.

फ्रॉइड यांनी शब्द उचलला आणि घराघरात नेला. 1917 च्या शोकावरच्या निबंधात त्यांनी जे मांडलं ते आजही समुपदेशनात उपयोगी पडतं: गेलेल्या माणसाविषयी राग मनात असेल तर तो राग स्वतःवर उलटतो आणि 'माझंच चुकलं' असा धोशा सुरू होतो. डोनाल्ड विनिकॉट हे मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषक. सामान्य आईलाही आपल्या तान्ह्या बाळाचा द्वेष वाटण्याची अठरा कारणं त्यांनी 1949 मध्ये छापलेल्या एका लेखात एकामागून एक दिली. त्यांचा मुद्दा असा की तो द्वेष आईला स्वतःशी ओळखता आला, तर तो बाळावर न काढता ती तो सोसू शकते. इथपर्यंत येताना लक्षणाचं रूपांतर माणसाच्या नेहमीच्या अनुभवात झालं होतं. पण पुरावा काय, हा प्रश्न उरला.

अडचण होती मोजण्याच्या पट्टीत. 'आईबद्दल तुम्हाला काय वाटतं?' असं विचारून एका टोकाला 'फार वाईट' आणि दुसऱ्या टोकाला 'फार चांगलं' ठेवलं, तर आपली राजारामपुरीची बाई खूण करणार मधोमध. जिला आईबद्दल फारसं काहीच वाटत नाही, तीही मधोमधच. मार्केट यार्डातल्या गूळ अडत्याला हे लगेच कळेल. खात्यावर शिल्लक शून्य, याचा अर्थ त्या शेतकऱ्याशी व्यवहारच झाला नाही असाही असतो, आणि पाच लाख जमा, पाच लाख नावे असाही असतो. नुसती शिल्लक पाहणाऱ्याला उलाढाल दिसत नाही.

1972 मध्ये कॅप्लन या संशोधकानं पट्टी मधोमध कापली. एकदा विचारायचं: वाईट पूर्ण बाजूला ठेवा, फक्त चांगलं किती? मग: चांगलं पूर्ण बाजूला ठेवा, फक्त वाईट किती? या दोन आकड्यांवरून द्विधाभाव काढण्याचं एक सूत्र 1995 मध्ये थॉम्पसन, झॅना आणि ग्रिफिन यांच्या लेखातून रूढ झालं. दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची आणि तीतून दोघांमधला फरक वजा करायचा. सरासरी सांगते भावना किती जोरकस आहेत; फरक सांगतो एक बाजू दुसरीवर किती भारी आहे.

एक ते पाचच्या पट्टीवर आपल्या बाईची माया 5, राग 4. सरासरी साडेचार, फरक 1, म्हणून द्विधाभाव साडेतीन. शेजारीण आईवर नुसती लुब्ध: माया 5, राग 1. सरासरी 3, फरक 4, उत्तर उणे एक. आणि तिसरी, दोन्हीकडे 2 सांगणारी, म्हणजे जवळपास अलिप्त: उत्तर 2. एका पट्टीवर पहिली आणि तिसरी जवळजवळ एकाच ठिकाणी दिसल्या असत्या.

हे करताना चुका ठरलेल्या असतात. आई पलीकडच्या खोलीत असताना विचारलं की राग हमखास 1 येतो. 'एकंदरीत' हा शब्द प्रश्नात आला की माणूस बेरीज करूनच उत्तर देतो, मग दोन पट्ट्यांचा उपयोग संपला. उत्तर देताना "पण" आला, "राग येतो, पण आईच ना शेवटी", तर समजावं की चांगलं अजून बाजूला ठेवलेलं नाही. प्रश्न पुन्हा विचारावा. सूत्रालाही मर्यादा आहे. आकडा मोठा आला म्हणजे त्या माणसाला ओढाताण जाणवतेच असं नाही. 'तुम्हाला ओढाताण होते का?' हे वेगळं विचारावं लागतं, आणि दोन्ही उत्तरं पुरती जुळत नाहीत.

दोन्ही भावना खरोखर एकाच क्षणी असतात, की मन झपाट्यानं इकडून तिकडे जातं? लार्सन, मॅकग्रॉ आणि कॅसिओपो यांनी 2001 मध्ये एका हसवणाऱ्या-रडवणाऱ्या इटालियन चित्रपटाच्या प्रेक्षकांना विचारलं. आत जाताना आनंद आणि दुःख दोन्ही वाटतंय म्हणणारे 10 टक्के होते, बाहेर येताना 44 टक्के. वाद मिटला नाही, पण 'अशक्य' हा शब्द मागे पडला. त्याआधी 1998 मध्ये ल्यूशर आणि पिलेमर यांनी म्हातारे आईवडील आणि मोठी मुलं यांच्याबाबत असंच सुचवलं होतं: घरात जिव्हाळा आहे की भांडण, असं विचारणं सोडा, दोन्ही एकत्रच असतं असं धरून अभ्यास करा.

आपल्या बाईच्या मायेची आणि रागाची कारणंच वेगळी आहेत. बाळंतपणातल्या जागरणानं शिक्षणाचं नुकसान भरून निघत नाही, आणि शिक्षण थांबवलं म्हणून ती जागरणं खोटी ठरत नाहीत. म्हणून बेरीज होत नाही, आणि ती व्हायलाही नको. दोन कागदांवर दोन याद्या केल्या की रागाच्या यादीत दोन जातीच्या गोष्टी दिसतात. काही आजच्या: रोजचं इन्सुलिन, एकटीवरचा भार, भावाचं कौतुक. काही जुन्या: बारावीनंतरचं थांबणं. आजच्या गोष्टींवर मागणी करता येते, आणि ती आईकडे नसते. ती भावाला फोन करून करायची: "दादा, महिन्यातले दहा दिवस आई तुझ्याकडं." जुन्या गोष्टीवर मागणी करण्यासारखं काही नसतं. मारहाण किंवा धाकाची भीती असेल, तर हा हिशेब लावायचाच नाही. तिथे आधी सुरक्षितता पाहावी लागते.

भाऊ दहा दिवस न्यायला लागल्यावर पुन्हा विचारलं, तर राग 4 वरून 3 वर येऊ शकतो. माया 5 च. सरासरी 4, फरक 2, द्विधाभाव 2. उरलेल्या तीनमध्ये बारावीचं वर्ष आहे.