घसा तिसऱ्या दिवशी बरा, मग गोळ्या दहा दिवस का?

आमच्या मेडिकलमध्ये नेहमी घडणारी गोष्ट. डॉक्टरांनी मुलाच्या घशासाठी दहा दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी दिलेली असते आणि वडील म्हणतात, "सध्या तीनच दिवसांच्या द्या, लागल्या तर परत येतो." एका दहा वर्षांच्या मुलाच्या वडिलांना आम्हीही तशाच दिल्या. ताप उतरला, मुलगा शाळेत गेला. तीन आठवड्यांनी तेच वडील मुलाच्या गुडघ्याला लावायला बाम मागायला आले. गुडघा सुजून लाल झाला होता. दोन दिवसांत तो उतरला आणि घोटा धरला, मग कोपर. पडल्याचं दुखणं असं जागा बदलत नाही, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. टू-डी इकोत हृदयाची मायट्रल झडप गळताना दिसली.

हा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर. घशातल्या 'ए' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, त्यांना जंतूचं प्रथिन आणि आपल्या हृदयाची ऊती सारखीच वाटते. मग ती झडपेवरच तुटून पडतात. याला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर घसा ठणठणीत असतो, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. सांधे काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. झडप मात्र जाड होते, आधी गळते आणि कित्येक वर्षांनी अरुंद होते. काही बायकांना ते पहिल्या बाळंतपणात धाप लागली की कळतं.

प्रत्येक घसादुखी अशी नसते. सर्दी, खोकला, बसलेला आवाज असेल तर बहुधा विषाणू, तिथे अँटिबायोटिक फुकट. पण ५ ते १५ वयाच्या मुलाला खोकला नसताना एकदम ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील, तर डॉक्टरांना दाखवा. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा ताप टळतो. फक्त कोर्स पुरा हवा, कारण त्रास थांबला तरी जंतू घशात उरलेले असतात. सांधे फिरते दुखत असतील, तर डॉक्टरांनी बघण्याआधी वेदनाशामक देऊ नका. दुखणं दबतं आणि निदान हुकतं. रक्ततपासणीत नुसता एएसओ वाढलेला आला म्हणून घाबरू नका, तो फक्त जंतू येऊन गेल्याचं सांगतो.

त्या मुलाला आता दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, निदान दहा वर्षं, कदाचित चाळिशीपर्यंत. त्याने झडप दुरुस्त होत नाही, पण नवा जंतू टिकत नाही. नाहीतर दर वेळी त्याच झडपेवर पुन्हा घाव बसतो. औषध दुधासारखं दाट असतं, सुई तुंबते, कुल्ला दोन दिवस दुखतो, म्हणून मुलं टाळतात. ते दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण क्वचित ॲलर्जी उठते.

२१वा दिवस रविवारी येत असेल तर आम्हाला शुक्रवारीच सांगा, कुपी काढून ठेवतो. आणि तीन दिवसांच्या गोळ्या आम्ही आता देत नाही.