निकषाधारित श्रेणीकरण

विद्यार्थ्याला एखादे कौशल्य आले की नाही, हे वर्षभरातल्या गुणांच्या सरासरीवरून न ठरवता त्या कौशल्याचा सर्वांत अलीकडचा, भरवशाचा पुरावा पाहून ठरवण्याची मूल्यमापन पद्धत. यात सगळ्या विषयाला मिळून एक आकडा देत नाहीत. विषय लहान निकषांत फोडतात आणि प्रत्येक निकषाची नोंद वेगळी ठेवतात. ‘गणित ५४ टक्के’ एवढ्यावर न थांबता ‘भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज येते, दशांश अपूर्णांकांचा भागाकार अजून येत नाही’ असे सांगता यावे, हा तिचा उद्देश. नीटनेटकेपणा, हजेरी, वही वेळेवर देणे या गोष्टी नोंदवायच्या असतील तर त्या स्वतंत्र रकान्यात जातात. कौशल्याच्या श्रेणीत मिसळत नाहीत.

पद्धतीची मुळे अमेरिकेतली. मुलाची तुलना वर्गातल्या इतर मुलांशी न करता ठरलेल्या निकषाशी करावी, हा विचार रॉबर्ट ग्लेसर यांनी १९६३ मध्ये मांडला. १९६८ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी प्रभुत्व अध्ययनाची मांडणी केली. पुरेसा वेळ आणि दुरुस्तीची संधी मिळाली तर बहुतेक मुले बहुतेक गोष्टी शिकतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९० च्या दशकात तिथल्या राज्यांनी इयत्तावार निकष ठरवले आणि त्यांनुसार प्रगतिपत्रक लिहिण्याचे प्रयोग वाढले.

महाराष्ट्रात ही पद्धत या नावाने अधिकृत नाही, पण तिचे बरेचसे सामान शाळेत आधीच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात त्याची रीत ठरली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने आकारिक, म्हणजे शिकवतानाच चालणाऱ्या मूल्यमापनासाठी दिली गेली. त्या रचनेत सहावीला आकारिक आणि सत्रअखेरचे संकलित यांचा भार निम्मा-निम्मा होता. २०१७ पासून इयत्तावार अध्ययन निष्पत्तीही, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याची विधाने, हाताशी आल्या. म्हणजे निकषांची यादीही तयार. घोटाळा होतो तो शेवटच्या पायरीला. साधनांचे आणि संकलितचे गुण एकत्र करतात, टक्केवारी काढतात आणि तिच्यावरून अ-१ ते ई-२ पैकी एक श्रेणी लिहितात. वरून अक्षर दिसत असले तरी आत बेरीजच असते, आणि जुलैतली चूक एप्रिलच्या श्रेणीत तशीच शिल्लक राहते.

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतली सहावी डोळ्यांसमोर आणू आणि एकच निकष घेऊ: भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. आधी शिक्षक चार पातळ्या लिहून ठेवतो, आणि त्या मुलांच्या प्रत्यक्ष चुकांवरून लिहितो. १/२ + १/३ या बेरजेचे उत्तर जो २/५ काढतो, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो, तो पातळी १ वर. जो छेद ६ करतो पण अंश तसेच ठेवून २/६ लिहितो, तो पातळी २ वर. त्याला समच्छेद करायचे हे कळले आहे, का करायचे ते कळलेले नाही. ३/६ + २/६ = ५/६ असे मदतीशिवाय करणारा पातळी ३ वर. शाब्दिक उदाहरणातून बेरीज ओळखून मांडणारा आणि दुसऱ्याच्या २/५ मधली चूक कारणासह सांगणारा पातळी ४ वर. पातळी ३ म्हणजे निकष साध्य. ‘चांगले’, ‘समाधानकारक’ असल्या शब्दांनी पातळ्या लिहिल्या तर दोन शिक्षक एकाच वहीला दोन श्रेणी देतात; मुले करतात त्या चुकीचा नमुना लिहिला की वाद फारसा उरत नाही.

आता जुलै ते जानेवारी या काळात या निकषावर पाच वेळा नोंद झाली असे समजू. एका मुलीच्या नोंदी क्रमाने १, १, २, ३, ४. तिच्या शेजारच्या मुलाच्या ४, ४, ३, २, १. सरासरी काढली तर मुलीची २.२ आणि मुलाची २.८. सरासरीच्या हिशेबात जिला आज बेरीज येते ती मागे आणि ज्याला आज येत नाही तो पुढे. अलीकडचा पुरावा पाहिला तर चित्र उलटे होते: मुलीचा निकष साध्य, मुलाकडे लक्ष द्यायला हवे. सरासरी चुकीचे गणित करत नाही. मात्र तिच्यात आजच्या क्षमतेसोबत शिकण्याचा वेग आणि सुरुवातीची अडचण हेही मोजले जाते, आणि पालकाला यातला कोणता भाग किती, हे कळायला मार्ग नसतो.

तरीही फक्त शेवटची एक नोंद धरणे धोक्याचे. तो मुलगा जानेवारीत तापातून उठून आला असेल, किंवा मुलीला शेवटचे उदाहरण शेजारणीच्या वहीत दिसले असेल. म्हणून ‘अलीकडचा पुरावा’ याचा व्यवहारातला अर्थ वेगवेगळ्या दिवशीच्या, वेगवेगळ्या उदाहरणांवरच्या शेवटच्या दोन नोंदी असा घेणे बरे. दोन्ही ३ किंवा वर असल्या तर साध्य. एक ३ किंवा वर आणि दुसरी खाली असली तर निर्णय थांबवून तिसरी संधी द्यायची. पाच मिनिटांचे तोंडी कामही त्याला पुरते. आकडेमोडच हवी असेल तर भारित सरासरीचा तोडगा आहे: शेवटच्या नोंदीला ६५ टक्के भार आणि आधीच्या सगळ्या नोंदींच्या सरासरीला ३५ टक्के. मुलीच्या बाबतीत ४ × ०.६५ अधिक १.७५ × ०.३५, म्हणजे सुमारे ३.२, मुलाच्या बाबतीत १ × ०.६५ अधिक ३.२५ × ०.३५, म्हणजे सुमारे १.८. क्रम सुधारतो. पण मुलाची घसरण विसरल्यामुळे झाली की आजारपणामुळे, हे १.८ सांगत नाही. ते वही उघडूनच कळते. छोट्या वर्गात दोन नोंदींचा नियम या सूत्रापेक्षा सरस वाटतो तो याचसाठी.

पुरावा कशाला म्हणायचे, यावर सगळी पद्धत उभी आहे. पहिली अट, तो मदतीशिवायचा हवा. घरून आणलेला स्वाध्याय सरावात जमा होतो, पुराव्यात नाही. दुसरी अट, तो त्याच कौशल्याचा हवा, आणि इथे आपल्याकडे एक खास फसगत होते. बाजारात वाढलेल्या मुलाला अर्धा आणि पाव मिळून पाऊण हे शाळेत येण्याआधीच पाठ असते. सांगलीच्या हळद बाजाराजवळच्या वर्गात १/२ + १/४ विचारले की हात पटापट वर होतात, आणि शिक्षक खुशीत पातळी ३ लिहितो. त्याच मुलाला १/३ + १/५ दिले की २/८ हे उत्तर येते. पाऊण त्याने मोजलेला नसतो, आठवलेला असतो. तेव्हा अर्धा, पाव, पाऊण ही उदाहरणे शिकवायला उत्तम, निकष तपासायला निरुपयोगी. तपासताना तिसरे, पाचवे, सातवे हिस्से घ्यावेत. त्यांना बाजारात नावे नाहीत.

नंतरची चाचणी आधीच्यापेक्षा सोपी निघाली, तरीही सगळा हिशेब फसतो. याची खूण सोपी आहे: एकाच दिवशी जवळजवळ सगळा वर्ग एक पातळी वर गेला, तर मुलांपेक्षा प्रश्नपत्रिकेवर संशय घ्यावा. फेरचाचणीत तीच उदाहरणे पुन्हा दिली तर उत्तरे पाठ होतात. आणि अधल्यामधल्या उपचाराशिवाय नुसत्या फेरचाचण्या घेत राहिले तर नशिबाने कधीतरी ३ पडतेच. म्हणून फेरचाचणी मागणाऱ्याने आधी आपली चूक कुठे झाली ते एका उदाहरणावर दाखवावे, ही अट घालणे योग्य. ती कडक वाटली तरी पातळी २ वरचे मूल त्या दाखवण्यातच बहुतेक वेळा पुढे सरकते.

या पद्धतीचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो मध्येच आलेल्या मुलांच्या बाबतीत. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या सांगली-साताऱ्यातल्या कारखान्यांवर उतरतात आणि गाळप संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, राहतात. त्यांच्यातले सहावीचे एक मूल नोव्हेंबरअखेर वर्गात बसले असे धरू. आपल्या निकषावर त्याच्या दोनच नोंदी होतात, २ आणि ३. रिकाम्या तीन जागी शून्य धरले तर सरासरी १.० येते, जी त्याने एकदाही न मिळवलेली, पातळ्यांच्या यादीतल्या तळाची आहे. निकषाधारित नोंदीत रिकामी जागा म्हणजे ‘पुरावा नाही’, शून्य नव्हे. ताजी नोंद ३ आहे, तशी आणखी एक मिळाली की निकष साध्य. ते परत गावी जाताना सोबतच्या कागदावर ‘समच्छेद करतो, अंश बदलायला अधूनमधून विसरतो’ असे लिहिलेले असेल, तर तिथल्या गुरुजींना कामाला कुठून लागायचे ते कळते. ‘क-२’ वरून कळत नाही.

मर्यादाही ठसठशीत आहेत. अलीकडच्या पुराव्याचे तत्त्व वर्षभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या कौशल्यांना शोभते: वाचन, लेखन, गणिती क्रिया, नकाशावाचन. इतिहासातला एखादा घटक सप्टेंबरात शिकवून संपला आणि पुन्हा आलाच नाही, तर ‘अलीकडचा’ पुरावा म्हणजे तो एकमेव पुरावाच. शिवाय एकदा साध्य म्हणून शिक्का मारलेला निकष कायमचा साध्य राहत नाही. दुसऱ्या सत्रात एखादे जुने उदाहरण मध्येच टाकून पाहावे लागते, आणि नोंद खाली आली तर ती खाली लिहिण्याची तयारी ठेवावी लागते. पालकांना हे पटवणे सगळ्यांत कठीण. मिळालेली श्रेणी कमी होऊ शकते ही गोष्ट गुणांच्या सवयीत बसत नाही.

नोंदींचे ओझे हा दुसरा प्रश्न. ३५ मुले आणि एका सत्रात गणिताचे ८ निकष धरले तरी २८० चौकटी होतात, आणि प्रत्येकीत किमान दोन नोंदी. सगळ्या अध्ययन निष्पत्ती निकष म्हणून घेतल्या तर वही भरते आणि शिकवणे मागे पडते. पुढची पायरी ज्यांच्यावर अडते असे मोजकेच निकष निवडावेत. अपूर्णांकांची बेरीज त्यांत असावी, कारण पुढे बैजिक राशींत तीच परत येते. पेन्सिलने लिहिलेली, खोडता येणारी आखीव वही याला पुरते. जुन्या नोंदी मात्र खोडू नयेत. कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवल्या तर चढ-उतार दिसतो.

वर्षअखेरीस शाळेला टक्के आणि श्रेणी द्यावीच लागते. त्यासाठी आकारिकच्या गुणांत सत्रअखेरची पातळी उतरवण्याची वाट निघू शकते: पातळी ४ ला पूर्ण गुण, ३ ला ८० टक्के, असे प्रमाण शाळेने आधी ठरवून सगळ्या वर्गांना एकच ठेवायचे. संकलितची लेखी परीक्षा तिच्या जागी राहते. वहीत साध्य असलेल्या मुलांपैकी बरीच जण संकलितमध्ये त्याच उदाहरणावर अडखळली, तर वहीतले पुरावे मदतीने मिळालेले किंवा फार सोपे होते असे समजून तो निकष त्या मुलांसाठी पुन्हा उघडतात.