ट्यूशनचे पत्रक छापायला देण्याआधी
(घरी एकट्याने शिकवणी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मार्च-एप्रिल आला की दुकानात शिकवणीच्या पत्रकांची गर्दी होते. बहुतेक जण मजकूर घरूनच लिहून आणतात आणि त्यात ‘१००% निकालाची हमी’, ‘प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष’, ‘मर्यादित जागा’ हे तिन्ही असतेच. आम्ही तो तसाच छपाईला घेत नाही, आधी पाच-सहा प्रश्न विचारतो. काही जणांना ते आवडत नाही. ‘आम्ही सांगतो ते छापा, निकाल आमचा आम्ही बघू,’ असेही ऐकून घेतले आहे. तरी आम्ही विचारतो, कारण हेच शब्द इंदूरच्या भंवरकुआँ भागात मोठ्या कोचिंगच्या होर्डिंगवर दहा फूट उंचीच्या अक्षरांत लावलेले असतात. तेच वाक्य वर्तमानपत्रात घालून वाटलेल्या हाताएवढ्या कागदावर आले, की पालक तो कागद बाजूला ठेवतात. मोठ्या कोचिंगला सांगता येत नाही असे तुमच्याकडे काय आहे, ते पत्रकात यायला हवे.

सुदामा नगरच्या एका ताईंचे उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. त्यांनी आणलेला मजकूर असा होता: ‘९वी-१०वी, सर्व विषय, सर्व बोर्ड. अनुभवी शिक्षिका. १००% निकालाची हमी. वैयक्तिक लक्ष. मर्यादित जागा, त्वरा करा.’

पहिला प्रश्न विचारला, ‘सर्व विषय तुम्ही स्वतः घेता?’ त्या गणितच शिकवत होत्या. कोणी फारच आग्रह केला तर विज्ञान. बोर्ड फक्त सीबीएसई, कारण एमपी बोर्डाची मुले त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. मग पत्रकावर तेवढेच आले: ‘सीबीएसई, ९वी व १०वी, फक्त गणित.’ त्यांना भीती होती की विज्ञानासाठी विचारणारे फोन बंद होतील. ते झालेही, पण गणितासाठी आलेल्या फोनवर बोलणे पुढे जाऊ लागले. ‘आम्ही हे शिकवत नाही’ असे छापणाऱ्या माणसाच्या बाकीच्या शब्दांवर पालक विश्वास ठेवतात.

आता निकालाची ओळ. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि दुसरे-तिसरे प्रूफ याच ओळीसाठी काढावे लागते. शंभर टक्के म्हणजे कितीपैकी किती, हे पत्रकात नसते. पालक फोनवर नेमके तेच विचारतात, शिक्षक अडखळतात, आणि मग आमच्याकडे ओळ बदलायला येतात. तोवर ऑफसेटची प्लेट तयार झालेली असते.

ताईंकडे २०२५ मध्ये ११ मुले बोर्डाला बसली होती. त्यातली दोन डिसेंबरमध्ये आलेली, म्हणून ती वेगळी काढली. उरली ९. दहावीचे गणित सीबीएसईत दोन पातळ्यांवर असते, स्टँडर्ड आणि बेसिक. बेसिकचा पेपर सोपा असतो, त्यामुळे दोन्हींचे गुण एका ओळीत मिसळले तर जाणता पालक लगेच पकडतो. ६ मुले स्टँडर्डला होती, ३ बेसिकला.

दुसरी गोष्ट, शंभरपैकी २० गुण शाळा अंतर्गत मूल्यमापनाचे देते. ते तुमच्या शिकवणीचे नाहीत. गुणपत्रिकेत लेखी ८० वेगळे छापलेले असतात, आपण तेच घ्यायचे. ताईंच्या सहा मुलांचे लेखी गुण ७२, ६८, ६६, ५७, ४९ आणि ३४ होते. बेसिकच्या तिघांचे ५८, ५१, ४०. त्यांना ७२ वाल्या मुलाचा फोटो मोठा छापायचा होता आणि ३४ वाल्याचा उल्लेखही नको होता. आम्ही उलट सुचवले. फोटो नकोच, मूल अल्पवयीन आहे, पालकांची लेखी परवानगी लागेल. पण ३४ मात्र लिहा. सगळे गुण दिले की पालकांना आपल्या मुलाची जागा त्यात कुठे असेल ते दिसते. फक्त पहिला आलेला दाखवला, तर उरलेल्यांचे काय झाले असेल असे त्यांना वाटत राहते.

सहापैकी तिघे ६५ च्या वर, म्हणून ‘५०% विद्यार्थ्यांना उत्कृष्ट गुण’ असेही लिहिता आले असते. सहा मुलांत टक्केवारी काढू नका. एक मूल इकडचे तिकडे झाले की आकडा सतरा टक्क्यांनी हलतो. ‘६ पैकी ३’ म्हणा.

निकालाचे वर्षही छापा. पत्रके मार्च-एप्रिलमध्ये निघतात आणि त्या वर्षीचा निकाल बहुतेक वेळा तोवर आलेला नसतो. वर्ष नसेल तर वाचणारा ताजा निकाल समजतो आणि पुढे गैरसमज होतो. अर्धवार्षिकपासून बोर्डापर्यंत किती गुण वाढले हेही काहींना छापायचे असते. ते छापू, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून. शाळेचे पेपर प्रत्येक शाळेचे वेगळे असतात, त्यामुळे ‘आमच्यामुळे वाढले’ हे वाक्य आम्ही काढून टाकतो.

हमीच्या शब्दाबद्दल आमचे दुकान ठाम आहे. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत यशाच्या खोट्या हमीला मनाई आहे. तुमची संख्या त्यापेक्षा कमी असेल, तरी पालक हा शब्द आता संशयानेच वाचतात.

‘वैयक्तिक लक्ष’च्या जागी बॅचचा आकडा घाला. ताईंनी ८ लिहिले. सव्वा तासात आठ मुले असतील तर प्रत्येकाच्या वहीत डोकावून पाहायला वेळ राहतो, वीस असतील तर राहत नाही, हे पालक स्वतः मोजतात. पण असा आकडा लिहा ज्याच्यापुढे तुम्ही खरोखरच नाही म्हणाल. एका वर्षी एका सरांनी १० छापले आणि जुलैत १४ घेतले. पत्रक हातात धरून एक आई भेटायला आली होती.

शिकवण्याची पद्धत सांगताना पालकांना घरी बघता येईल अशी एक गोष्ट निवडा. ताई दर शनिवारी २० गुणांची चाचणी घेत आणि मुलांना चुकलेली गणिते वेगळ्या वहीत पुन्हा सोडवायला लावत. ‘आधुनिक पद्धतीने अध्यापन’ ही ओळ काढून आम्ही ते लिहिले.

शेवटी छापले गेले ते असे:

‘सीबीएसई ९वी व १०वी, फक्त गणित. एका बॅचमध्ये जास्तीत जास्त ८ विद्यार्थी. सोम-बुध-शुक्र, सायं. ५ ते ६.१५. दर शनिवारी २० गुणांची चाचणी. चुकलेली गणिते मंगळवारपर्यंत वेगळ्या वहीत, वही पालकांनी पाहावी. २०२५ बोर्ड, वर्षभर शिकलेले ९ विद्यार्थी, लेखी ८० पैकी गुण. स्टँडर्ड (६): ७२, ६८, ६६, ५७, ४९, ३४. बेसिक (३): ५८, ५१, ४०.’

खाली फी आणि फोन. फी छापावी असे आमचे मत आहे. ‘फी फोनवर’ लिहिले की न परवडणाऱ्यांचेही फोन घेत बसावे लागते. आपल्या भागात पुढच्या बाजूला हिंदी ठेवतो. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथे वाटायचे असेल तर मागे मराठी. त्यासाठी मजकुराचे वेगळे पैसे घेत नाही.

येताना गुणपत्रिकांवरून उतरवलेले लेखी गुण आणि प्रत्येक मूल कोणत्या महिन्यात आले ते एका कागदावर आणा, नावे नकोत. अर्ध्या तासात मजकूर समोर बसून तयार होतो. दोन प्रूफ आमच्याकडून. प्लेट लागल्यावर आकडा बदलायचा असेल तर नव्या प्लेटचा खर्च लागतो, म्हणून दुसऱ्या प्रूफवर गुणांची ओळ स्वतः मोजून सही करा.